कंपनीच्या बसमधली दहा मिनिटं : नव्या सहकाऱ्याला मराठी शिकवताना

छत्रपती संभाजीनगरात मराठी न येताही माणसाचं रोजचं काम निभावतं. रिक्षावाला हिंदीत बोलतो, शहागंजातला फळवाला हिंदीत भाव सांगतो, घरमालक भाडेकरार मराठीत करतो आणि समजावून हिंदीत सांगतो. तुमच्या विभागात तमिळनाडूतून, ओडिशातून किंवा उत्तर प्रदेशातून कुणी नवा माणूस आला, की पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं, इथं हिंदीवर भागतं. मग तीन-चार वर्षांनी तो बदली होऊन जातो, तेव्हा त्याच्याजवळ ‘कसं काय’, ‘बरं आहे’ आणि ‘नको’ एवढंच मराठी असतं.

यात त्याचा दोष नाही. हे शहर पहिल्यापासून अनेक भाषांचं आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी पुढे मोगलांच्या दख्खन सुभ्याचं ठाणं झाली, नंतर निजामाच्या राज्यात गेली, आणि सप्टेंबर 1948 पर्यंत इथल्या कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. वली आणि सिराज हे दख्खनी उर्दूचे मोठे कवी याच गावचे. त्यामुळे समोरच्याला मराठी येत नाही असं वाटताच हिंदीवर जाणं आपल्या जिभेला इतकं सवयीचं झालंय, की आपण भाषा बदलली हे आपल्यालाही कळत नाही. नवा माणूस धीर करून ‘पाणी पाहिजे’ म्हणतो आणि आपण उत्तर देतो, ‘हां, वो उधर है.’ त्याचं मराठी तिथंच थांबतं.

म्हणून हा लेख शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्यासाठी आहे. त्याला वाक्यं देणं सोपं आहे. ती वाक्यं बोलल्यावर उत्तर मराठीतच मिळेल अशी सोय करणं अवघड आहे, आणि या शहरात सगळं त्यावरच अवलंबून आहे.

मराठीशिवाय खरं अडतं ते कामाच्या जागी. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत लाइनवर काम करणारे बरेचजण गंगापूर, पैठण, वैजापूर, फुलंब्री तालुक्यांतल्या गावांतून येतात. त्यांना हिंदी येतं. पण मशीन अडकलं, हाताला लागलं, घरून वाईट बातमीचा फोन आला, की तोंडून मराठीच निघतं, आणि तेही पुस्तकातलं नव्हे. साहेबाला हिंदीत सांगायचं म्हणून एखादा ऑपरेटर अर्धीच गोष्ट सांगतो, बारकावा सोडून देतो. तो बारकावा नव्या अभियंत्याच्या कानावर पडावा, हे पहिल्या तीन महिन्यांचं उद्दिष्ट धरा.

आता दहा मिनिटं कुठून आणायची ते पाहू. जेवणाची सुट्टी यासाठी चांगली नाही. ती कधी अर्धीच मिळते, कधी मीटिंगमध्ये जाते. कंपनीची बस मात्र रोज ठरल्या वेळी निघते आणि तिच्यात दुसरं काही करता येत नाही. सिडकोकडून वाळूजला जाणारी बस असेल तर नगर नाका मागे पडला की सुरू करायचं आणि पंढरपूरच्या आधी थांबायचं. (हे पंढरपूर वाळूजच्या वाटेवरचं, हेही नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.) शेजारी बसायचं, मोबाइल खिशात ठेवायचा, वही उघडायची नाही. चालत्या बसमध्ये लिहिता येत नाही हा इथं फायदाच आहे, कारण लिहून घेतलेलं वाक्य माणूस वाचून दाखवतो, बोलत नाही. लिहायचंच असेल तर त्यानं संध्याकाळी घरी लिहावं, आणि आठवलं तेवढंच.

दहा मिनिटांची वाटणी अशी करा. पहिली दोन-तीन मिनिटं कालच्या वाक्यांची, तीही ‘काल काय शिकलो?’ असं विचारून नव्हे. तुम्हीच ते वाक्य त्याच्यावर टाका आणि त्याला उत्तर देऊ द्या. मधली चार-पाच मिनिटं नव्या वाक्यांची. नवी वाक्यं तीनच. प्रत्येक वाक्य तुम्ही नेहमीच्या वेगानं तीनदा म्हणायचं, मग त्यानं. सावकाश तोडून म्हणून दाखवलं तर तो ते तसंच शिकतो आणि कॅन्टीनमध्ये कुणी भरभर म्हटलं की ओळखत नाही. उरलेल्या वेळात तुम्ही दुसरं कुणीतरी व्हायचं: कॅन्टीनमधली मावशी, ऑपरेटर, भाजीवाला. आणि बसमधून उतरताना ठरवायचं, की ही तीन वाक्यं आज कुठं आणि कुणाशी बोलायची. हे ठरलं नाही तर तो दिवस वाया गेला असं समजा.

पॉल पिम्सलर या अमेरिकन भाषाशिक्षकानं 1967 मध्ये आठवणीचं एक वेळापत्रक मांडलं होतं. नवं वाक्य पाच सेकंदांनी, मग पंचवीस सेकंदांनी, मग दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासाभरानं, पाच तासांनी, दुसऱ्या दिवशी आणि पुढे पाच दिवसांनी परत आठवायला लावायचं, अंतर वाढवत जायचं. घड्याळ लावून बसायची गरज नाही, कारण कारखान्याचा दिवस आपोआप त्याच्या जवळपास जातो. बसमध्ये तीन-चारदा, सकाळच्या चहाला एकदा, जेवायला एकदा, उद्या बसमध्ये, आणि पुढच्या आठवड्यात एकदा. चहाच्या वेळी तुम्ही त्याच्या टेबलापाशी जाऊन ते एकच वाक्य टाकून आलात तरी पुष्कळ झालं.

पहिल्या दिवशी नमस्कार-चमत्कार शिकवायचा मोह होतो. तो टाळा. पहिली तीन वाक्यं ही: ‘मराठीतच बोला, मी शिकतोय.’ ‘हळू बोला.’ ‘परत सांगा.’ बाकी सगळं मराठी या तीन वाक्यांच्या आधारावर उभं राहतं. संभाजीनगरात समोरचा माणूस दुसऱ्या वाक्याला हिंदीवर जाणार हे ठरलेलं आहे. त्याला थांबवायचं साधन नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवसापासून हवं. ‘मी शिकतोय’ ऐकल्यावर आपल्याकडची माणसं थबकतात, हसतात आणि मग खरोखर सावकाश बोलू लागतात.

सहकारी बाई असेल तर वाक्य ‘मी शिकतेय’ असं द्यायचं. हे सांगायला नको असं वाटेल, पण कारखान्यात शिकवणारे बहुतेक पुरुष असतात आणि शिकणारी ऐकते तेच उचलते. मग ती सहा महिने ‘मी येतो’, ‘मी सांगतो’ म्हणत राहते. पुरुषानं शिकवताना प्रत्येक वाक्य तिच्या तोंडचं म्हणून बोललं पाहिजे: ‘मी येते’, ‘मला कळलं, मी बघते’. शक्य असेल तर विभागातल्या एखाद्या मराठी बाईला आठवड्यातले दोन दिवस द्या. कानाला बाईचं मराठी लागलं की ही अडचण उरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ‘झालं का’ घ्या. ‘चहा झाला का?’ हे आपल्या कारखान्यांतलं खरं अभिवादन आहे. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: ‘हो, झाला. तुमचा?’ किंवा ‘नाही अजून, चला.’ उत्तर ठरलेलं असणं शिकणाऱ्याच्या फार सोयीचं असतं. ‘तुम्हाला संभाजीनगर कसं वाटतं?’ याचं उत्तर शंभर तऱ्हांनी येऊ शकतं, आणि नवशिका त्यात बुडतो.

मात्र इथंच लिंग आडवं येतं. चहा झाला, कॉफी झाली, जेवण झालं. बस आली का, पाणी आलं का, माल आला का. हिंदीभाषकाला दोन लिंगं माहीत असतात, तिसरं नवं असतं. बंगाली माणसाच्या भाषेत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतच नाही. तमिळ माणसाला निर्जीव वस्तू पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असते हेच चमत्कारिक वाटतं. त्याला नियम सांगू नका, कारण सांगण्यासारखा भरवशाचा नियम आपल्याजवळही नाही. ‘बस’ स्त्रीलिंगी का आणि ‘बिल’ नपुंसकलिंगी का, याचं उत्तर तुम्हाला तरी देता येईल का? नाम एकटं शिकवायचंच नाही, एवढं करा. ‘पाणी’ हा शब्द सुटा देऊ नका, ‘पाणी आलं’ द्या. ‘बस’ नको, ‘बस आली’. अशा वीस-पंचवीस जोड्या तोंडात बसल्या, की पुढच्या नामाला जोडी कोणती लागेल याचा अंदाज कानच करू लागतो. चुकला तर टोकू नका, फक्त बरोबर जोडी वापरून उत्तर द्या. तो म्हणाला ‘पाणी आली का?’ तर तुम्ही म्हणा, ‘हो, पाणी आलं.’ एवढं पुरतं.

‘पाणी आलं का?’ हे वाक्य या शहरात भाड्यानं राहणाऱ्याला सगळ्यात आधी लागतं. जायकवाडीचं धरण जवळ असूनही नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि त्या दिवशी सगळी सोसायटी जागी असते. शेजारच्या काकूंशी मराठीत बोलायचा पहिला प्रसंग बहुधा हाच. म्हणून ‘आज पाणी येणार आहे का?’, ‘किती वाजता?’, ‘टाकी भरली का?’ ही तीन वाक्यं एका दिवसाची करा. यांचा आणखी एक फायदा आहे. काकू घरातल्या घरात मराठी बोलणाऱ्या असतील, तर त्या हिंदीवर सहज जात नाहीत. बाजारात मात्र ठिकाण पारखून घ्यावं लागतं. शहागंज किंवा सिटी चौकात मराठीचा सराव होणार नाही, तिथं विक्रेत्याची स्वतःची भाषा उर्दू असते. त्याच्याशी ओढूनताणून मराठी बोलण्यात अर्थ नाही. गारखेड्याच्या किंवा टीव्ही सेंटरच्या भाजीवाल्या मावशींकडे पाठवा. ‘मेथी कशी दिली?’ ‘अर्धा किलो भेंडी द्या.’ ‘सुट्टे नाहीत.’ मावशी उत्तर देतात, वर कोथिंबीर टाकू का विचारतात, आणि चार वाक्यांची खरी देवाणघेवाण होते.

माणसाला हाक कशी मारायची हे वाक्यांइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते लवकर सांगायला हवं. हिंदी पट्ट्यातला माणूस ‘तुम्ही’ म्हणायला कचरतो. त्याच्या कानाला ते ‘तुम’सारखं वाटतं आणि ‘तुम’ त्याच्याकडे बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाला म्हणतात. म्हणून तो अदबीनं ‘आपण’ म्हणू लागतो. ऑपरेटरला कळत नाही की साहेब माझ्याविषयी बोलताहेत की आम्हा दोघांविषयी. त्याला स्पष्ट सांगा, मराठीत ‘तुम्ही’ पुरेसं आदराचं आहे आणि रोजच्या बोलण्यात ‘आपण’ म्हणजे तू आणि मी मिळून. तमिळ आणि तेलुगू माणसाला हा फरक सांगायचीही गरज पडत नाही. त्यांच्या भाषांत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे असतातच, फक्त जोडी दाखवली की काम झालं. हाका मात्र सगळ्यांनाच शिकवाव्या लागतात. वयानं मोठ्या कामगाराला ‘मामा’ किंवा ‘काका’, बरोबरीच्याला ‘भाऊ’ किंवा ‘दादा’, कॅन्टीनमधल्या बाईंना ‘मावशी’ किंवा ‘ताई’. आणि अभिवादनाला ज्याचं त्याला परत द्यायचं. राम राम म्हणणाऱ्याला राम राम, जय भीम म्हणणाऱ्याला जय भीम, सलाम करणाऱ्याला सलाम. आपल्या शहरात हे तिन्ही रोज कानावर पडतात. नव्या माणसाला ते आधी सांगितलेलं असलं, की तो गोंधळून नुसती मान हलवत नाही.

आज्ञार्थी वाक्यांत आदर एका अक्षरात असतो: ये आणि या, दे आणि द्या, सांग आणि सांगा. सुरुवातीला फक्त दुसरं रूप शिकवा. पंचवीस वर्षांच्या अभियंत्यानं पन्नाशीच्या फिटरला ‘इकडे ये’ म्हटलं तर ते लागतं, आणि तो फिटर ते बोलून दाखवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात लाइनवर जा. इथं जरा थांबून एक दिवस पूर्ण पाहू. धरून चालू, की नवा माणूस तमिळनाडूतून आलेला गुणवत्ता विभागातला अभियंता आहे आणि कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवतो. त्याला आज तीन प्रश्न द्यायचे: ‘काय झालं?’ ‘कधीपासून?’ ‘मेंटेनन्सला सांगितलं का?’ हे प्रश्न तो पाच मिनिटांत पाठ करील. खरं काम उत्तरांचं आहे. तुम्ही ऑपरेटर व्हा आणि ऑपरेटर बोलतो तसंच बोला.

‘काय झालं, मामा?’

‘मशीन आवाज करायलंय, साहेब.’

‘कधीपासून?’

‘सकाळपासूनच. पीस बी नीट बसंना.’

‘मेंटेनन्सला सांगितलं का?’

‘सांगितलं, कुणी येईना.’

या उत्तरांत दोन गोष्टी आहेत ज्या कुठल्याही ‘तीस दिवसांत मराठी’ पुस्तकात सापडत नाहीत. पहिली, ‘करायलंय’. पुस्तकातलं मराठी ‘करतंय’ म्हणतं. मराठवाड्यात ‘काय करायलास?’, ‘तो यायलाय’, ‘तेल गळायलंय’ असं बोलतात. शिकणाऱ्याला ‘करायला’ म्हणजे करण्यासाठी एवढंच सांगितलेलं असेल, तर त्याला वाटेल मशीन आवाज करण्यासाठी काहीतरी करतंय. त्याला एवढंच सांगा, की शेवटी ‘-यलाय, -यलीय, -यलंय’ ऐकू आलं की काम आत्ता चालू आहे. हे त्यानं ओळखायचं आहे, बोलायचं नाही. त्यानं ‘करतंय’च म्हणावं. बाहेरून आलेल्या माणसानं पहिल्याच महिन्यात गावाकडची ढब उचलली, तर ऐकणाऱ्याला आपली नक्कल केल्यासारखं वाटू शकतं. सहा महिन्यांनी ती आपोआप आली तर येऊ द्या. तसंच ‘कामून?’ म्हणजे ‘का?’ आणि ‘लई’ म्हणजे ‘खूप’, हेही फक्त कानासाठी.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे: ‘बसंना’, ‘येईना’. पीस बसेना, बोल्ट निघेना, मशीन चालू होईना, माप येईना. लाइनवरची निम्मी तक्रार या एका रूपात येते. प्रयत्न केला, पण होत नाही, असा त्याचा अर्थ. हिंदीभाषक इथं हमखास चुकतो. त्याच्या भाषेतला शेवटचा ‘ना’ आग्रहाचा असतो, ‘बैठो ना’सारखा, आणि आपल्याकडेही ‘सांगा ना’ असतंच. त्यामुळे ‘चालू होईना’ त्याला ‘चालू होऊ दे ना’ असं काहीतरी वाटतं, आणि ऑपरेटर अडचण सांगत असताना तो मान डोलावून पुढे जातो. तमिळ माणसाचं वेगळं असतं, त्याला तो ‘ना’ ऐकूच येत नाही, सगळा शब्द नवाच वाटतो. दोघांसाठी उपाय एकच. बसमध्ये जोड्या म्हणा: ‘बसतो, बसेना. निघतो, निघेना. चालू होतं, चालू होईना.’ मग तुम्ही एकेक वाक्य बोला आणि त्यानं फक्त अंगठा वर किंवा खाली करायचा: काम झालं की नाही झालं. दोन दिवस हे केलं की कान तयार होतो. तिसऱ्या दिवशी त्याला लाइनवर घेऊन जा आणि मामांना आधीच सांगून ठेवा, की साहेबांशी हिंदीत बोलायचं नाही.

हे आधी सांगून ठेवणं विसरू नका. आपल्या लाइनवरचे पाच-सहा जण, कॅन्टीनमधल्या ताई, गेटवरचा सुरक्षारक्षक, बसचा ड्रायव्हर अशांना आपण होऊन भेटा आणि सांगा, ‘ह्यांना मराठी शिकायचंय, तुम्ही मराठीतच बोला, दोनदा बोलावं लागलं तरी चालेल.’ माणसं आनंदानं करतात. त्याच वेळी विभागातल्या तरुण मुलांनाही एक गोष्ट बजावा. नव्या माणसाला गंमत म्हणून शिवी शिकवायची आणि तिचा अर्थ दुसराच सांगायचा, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. तो माणूस ते वाक्य एखाद्या बाईसमोर किंवा वरिष्ठासमोर बोलून बसतो, आणि नंतर महिनोन् महिने मराठीत तोंड उघडत नाही. हे शिकवणाऱ्यानं होऊ देता कामा नये.

धोक्याच्या सूचनांना वाक्यांचा दिवस नको, अंगाचा दिवस हवा. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात एक पद्धत रूढ केली. शिक्षकानं आज्ञा द्यायची, शिकणाऱ्यानं बोलायचं नाही, फक्त ती कृती करायची. ‘थांबा!’ ‘मागे या!’ ‘हात लावू नका!’ ‘खाली ठेवा!’ ‘बाजूला व्हा!’ ‘बंद करा!’ हे बसमध्ये होत नाही, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मोकळ्या जागेत करा. ‘खाली’ हा शब्द मुद्दाम घ्या. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. ‘ट्रॉली खाली ठेवा’ ऐकून हिंदीभाषक ट्रॉली रिकामी करू लागतो. आणि ‘नका’ वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे ‘हात लावू’ ऐकून हात पुढे जायच्या आत ‘नका’ ऐकू यायला हवा. म्हणून या आज्ञा उलटसुलट, मोठ्या आवाजात, गोंगाटात द्या आणि त्याचा हात खरोखर थांबतो का ते पाहा.

उच्चारांवर फार वेळ घालवू नका. ‘ळ’ तमिळ, मलयाळम, कन्नड, तेलुगू, ओडिया, गुजराती आणि पंजाबी माणसाला येतोच. हिंदी आणि बंगालीवाल्याला तो जमत नाही, तरी ‘केळी’ ऐवजी ‘केली’ म्हटल्यानं मावशींना कळायचं राहत नाही. तमिळ माणसाचा ख आणि क, भ आणि ब एक होतात, तेही चालतं. ज्यानं अर्थाचा गोंधळ होतो तेवढंच सुधारा. ‘च’चे दोन उच्चार मात्र एकदा ऐकवून ठेवा: ‘चार’मधला वेगळा, ‘चालेल’मधला वेगळा. तो बोलताना चुकेल, पण कानाला दोन्ही एकच अक्षर आहेत हे कळलं पाहिजे, नाहीतर ‘चालेल’ त्याला ओळखूच येणार नाही.

वाचण्यासाठी वेगळा वेळ काढू नका. हिंदीभाषकाला देवनागरी येतेच. दक्षिणेतल्या माणसाला ती येत नसेल, तर रविवारी बसस्थानकावर न्या. एसटीच्या पाट्या मोठ्या अक्षरांत असतात आणि गावांची नावं त्यानं आधी ऐकलेली असतात: जालना, बीड, पैठण, कन्नड, सिल्लोड. ओळखीचं नाव शोधत अक्षर ओळखणं बाराखडी गिरवण्यापेक्षा पटकन होतं.

प्रगती कशी मोजायची? वाक्यं किती पाठ झाली यावर नको. समोरचा माणूस कितव्या वाक्याला हिंदीवर गेला ते त्याला लक्षात ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये विचारा. पहिल्या आठवड्यात उत्तर ‘दुसऱ्या’ असेल. महिन्याभरानं ‘चौथ्या-पाचव्या’ यायला हवं. ते येत नसेल तर दोष बहुधा वाक्यांच्या निवडीत असतो. तुम्ही त्याला बोलायची वाक्यं दिली, पण त्यावर येणारी उत्तरं ऐकवली नाहीत. तो बरोबर विचारतो, पण उत्तर ऐकून गप्प होतो, आणि समोरचा त्याची गैरसोय नको म्हणून हिंदीवर जातो. अशा वेळी आठवडाभर नवं वाक्य देऊ नका, जुन्याच प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं ऐकवा. ‘किती वाजता?’ या एका प्रश्नाला ‘साडेसहाला’, ‘सव्वानऊला’, ‘पावणेदहाच्या आसपास’, ‘सांगता येत नाही’, ‘मेसेज येईल’. हिंदीभाषकाला सव्वा आणि पावणे ओळखीचे असतात, दक्षिणेतल्या माणसाला नसतात, त्याच्यासाठी एक दिवस फक्त घड्याळाचा करा.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात घ्या. रोज दहा मिनिटांत तीन महिन्यांत ठरलेल्या प्रसंगांतलं मराठी येतं. सातबाऱ्याचा कागद, सोसायटीच्या सभेतलं भांडण किंवा नाटक यानं समजणार नाही. ते हवं असेल तर संध्याकाळचा वर्ग आणि शिक्षक लागेल.

शेवटची पायरी फोनची. ती सगळ्यात अवघड असते, कारण तोंड दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. पण पहाटे साडेपाचला येणारा फोन ऑपरेटरचाच असतो: ‘साहेब, आज येणं होणार नाही. आईला दवाखान्यात नेलंय. उद्या बघतो.’ तिसऱ्या महिन्यात बसमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसा आणि हे फोन करा. हिंदीत ‘कल’ मागचाही असतो आणि पुढचाही, म्हणून हिंदीभाषक ‘काल’ आणि ‘उद्या’ यांत घसरतो. ‘परवा’ तर मराठीतही दोन्हीकडचा आहे: ‘परवा आलो होतो’, ‘परवा येतो’. तेव्हा दिवसाच्या शब्दापेक्षा क्रियापदाचं शेपूट ऐकायची सवय लावा. त्याच्याकडून तीनच वाक्यं पक्की करून घ्या: ‘बरं, काळजी घ्या.’ ‘कधी येणार?’ ‘वार सांगा.’ शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. समोरून ‘गुरुवारी’ आलं, की हजेरीवहीत काय लिहायचं ते त्याचं त्याला कळतं.